दुसऱ्या ऑर्डरचे चार शर्ट: मापाच्या कार्डाचे एक प्रकरण

मी शिवणकामाचे दुकान चालवतो. माप घेणे आणि ट्रायल पाहणे ही कामे माझ्याकडे असतात, कापण्याचे काम कटिंग मास्टर करतात आणि शिलाईला दोन कारागीर आहेत. प्रत्येक ग्राहकाच्या मापाचे कार्ड आमच्याकडे पहिल्यापासून होते. तरीही एका जुन्या ग्राहकाचे चार शर्ट एकाच वेळी परत आले आणि चारही त्याच कार्डावरून कापलेले होते. कार्ड हरवले नव्हते आणि त्यावरचा आकडा पुसट झालेला नव्हता. कापताना वाचण्यातही चूक झाली नव्हती. दोष कार्डावर काय लिहिले होते आणि काय लिहायचे राहिले होते, यात होता. तो कसा सापडला आणि त्यानंतर कार्ड कसे बदलले, ते येथे सविस्तर मांडतो.

ग्राहक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहेत. अंगाने मध्यम, पोट थोडे पुढे आलेले आणि शर्ट नेहमी पँटच्या आत खोचणारे. पहिल्या खेपेस त्यांनी दोन शर्ट आणि एक पँट शिवायला दिली. मी माप घेतले, शर्टाची ट्रायल झाली, काही दुरुस्त्या झाल्या आणि ते समाधानाने कपडे घेऊन गेले. आठ महिन्यांनी ते चार शर्टांचे सुती कापड घेऊन आले आणि म्हणाले, "मागचे शर्ट अगदी बरोबर बसलेत, तसेच शिवा." कार्ड समोर असल्यामुळे मी पुन्हा माप घेतले नाही. ट्रायलही ठेवली नाही. दोन्ही निर्णय माझेच होते. मधल्या काळात आमचे कटिंग मास्टर बदलले होते, ही बाब तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.

शर्ट नेल्यावर दहा-बारा दिवसांत ते परत आले. छातीला आणि पाठीला शर्ट ढगळ होत होता, कॉलर मात्र गळ्याला आवळत होती. हात वर केला की सगळा शर्ट पँटमधून वर ओढला जात होता. चारपैकी एक शर्ट त्यांनी वापरून धुतला होता आणि तो खोचल्यावर आत राहतच नव्हता. एकाच शर्टात ढगळपणा आणि आवळणे या दोन्ही तक्रारी आल्या, तेव्हा ग्राहकाचे अंग बदलले असेल ही शंका मी बाजूला ठेवली. वजन वाढले वा घटले तर छाती, पोट आणि गळा साधारण एकाच दिशेने सरकतात. छाती सैल आणि गळा घट्ट असे झाले तर चूक बहुतेक वेळा दुकानातच शोधावी लागते.

मी त्यांना पुढच्या भेटीत पहिल्या ऑर्डरमधला, चांगला बसणारा शर्ट घेऊन येण्याची विनंती केली. तो शर्ट टेबलावर सपाट पसरला, बटणे लावली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि मोजला. नवा शर्टही तसाच मोजला. मग ग्राहकाचे अंगावरचे माप पुन्हा घेतले. अंगावरचा आकडा, जुन्या शर्टाचा आकडा, नव्या शर्टाचा आकडा आणि कार्डावरचा आकडा असे चार आकडे प्रत्येक ठिकाणी शेजारी शेजारी लिहिल्यावर दोष आपोआप दिसू लागले.

पहिला दोष छातीत होता. अंगावर छाती 40 इंच भरली, जुना शर्ट 44 इंचांचा होता आणि नवा 48 इंचांचा. कार्डावर आकडा होता 44. पोटाचे मात्र वेगळेच होते. अंगावर 41, जुना शर्ट 45, नवाही 45 आणि कार्डावर 41. म्हणजे मी त्या दिवशी छातीचे माप चार इंच लूज, म्हणजे अंगापेक्षा जास्तीची मोकळीक, मिळवून, शिवून झालेल्या शर्टाचे म्हणून लिहिले होते आणि लगेच खालच्या ओळीत पोटाचे माप अंगावरचेच लिहिले होते. पूर्वीचे मास्टर माझ्याबरोबर बरीच वर्षे होते. माझा कोणता आकडा कोणत्या अर्थाचा, हे ते विचारून घेत किंवा अंदाजाने ओळखत. नव्या मास्टरांनी दोन्ही आकडे अंगावरचे समजून दोन्हींत चार इंच मिळवले. त्यांच्या बाजूने पाहता त्यांनी काहीही चुकीचे केले नव्हते, कारण कार्डावर अर्थ लिहिलेलाच नव्हता.

चार इंच जास्त छातीचा परिणाम फक्त घेरावर झाला असता तर बाजूच्या शिलाया आत घेऊन काम भागले असते. पण आमच्या कटिंगच्या हिशोबात मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या खाचेची, खोली छातीच्या चौथ्या भागावरून काढतात, त्यामुळे छाती चार इंचांनी वाढली तेव्हा मुंढा एक इंच खोल कापला गेला. हात वर केल्यावर शर्ट ओढला जाण्याचे कारण हेच होते. लोकांना वाटते की मुंढा सैल असला की हात मोकळा राहतो. प्रत्यक्षात खोल मुंढ्यात बाहीचा जोड काखेपासून खाली जातो आणि हात उचलताना तो जोड अख्खा शर्ट वर खेचतो. खोल कापलेला मुंढा वर चढवायचा तर खांदे आणि गळा पुन्हा कापून पूर्ण शर्ट उचलावा लागतो आणि त्यात उंचीचा एक इंच जातो. या शर्टांत तेवढी उंची शिल्लक नव्हती.

दुसरा दोष माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा आहे, कारण तो लिहिण्याच्या पद्धतीतला नव्हता, कामाच्या क्रमातला होता. कार्डावर कॉलर 15½ होती आणि नव्या शर्टाची कॉलरही 15½च भरली. जुन्या शर्टाची कॉलर मोजली, बटणाच्या मध्यापासून काजाच्या टोकापर्यंत, तर ती 16 निघाली. मग आठवले की पहिल्या ट्रायलला कॉलर कच्च्या टाक्यांवर होती, ग्राहकाने गळ्याशी बोट घालून थोडी मोकळी हवी असे सांगितले होते आणि कारागिराने गळा किंचित खोल उतरवून नवी कॉलर लावली होती. हा बदल शर्टावर झाला, कार्डावर झाला नाही.

तसेच उजव्या खांद्याचे. या गृहस्थांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. समोरून पाहिले तर पटकन लक्षात येत नाही, पण शर्ट घातला की गळ्यापासून उजव्या काखेकडे एक तिरकी घडी उतरते आणि खालचा काठ उजवीकडे लोंबतो. पहिल्या ट्रायलला ही घडी दिसली होती. उजव्या खांद्याची शिलाई बाहेरच्या टोकाला अर्धा इंच खाली घेऊन आणि मुंढाही तेवढाच खाली उतरवून ती घालवली होती. मुंढा न उतरवता नुसता खांदा दाबला असता तर काखेत आवळले असते. नव्या चारही शर्टांत ही घडी परत आली होती. मनगटाच्या बाबतीतही हेच झाले. डाव्या हातात घड्याळ असल्याने डाव्या कफचे बटण अर्धा इंच सरकवून तो कफ 10 केला होता, उजवा 9½ होता. कार्डावर नुसते "कफ 9½" होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट झाली. ग्राहकाला जो शर्ट आवडला होता तो कार्डावरच्या मापाचा शर्ट नव्हताच. तो कार्डावरचे माप अधिक ट्रायलमधल्या दुरुस्त्या असा होता आणि त्या दुरुस्त्या फक्त कारागिराच्या हातात आणि त्या दोन शर्टांत होत्या. "तसेच शिवा" असे ग्राहक म्हणाले, तेव्हा त्यांच्या मनात तयार शर्ट होता आणि माझ्या हातात ट्रायलच्या आधीचे कार्ड होते. ट्रायल होऊन कपडा बरोबर बसला की कार्डाकडे परत जाण्याचे कारण कोणालाच उरत नाही, कारण गिऱ्हाईक खूश असते आणि पुढचे काम वाट पाहत असते. म्हणून ही चूक पहिल्या ऑर्डरला कधीच उघडी पडत नाही. ती दुसऱ्या ऑर्डरला दिसते, तेही ट्रायल न ठेवल्यास.

तिसरा दोष कापडाचा. पहिले दोन शर्ट मिश्र धाग्याच्या कापडाचे होते, जे धुतल्यावर फारसे आकसत नाही. आठ महिन्यांनीही त्यांची उंची 30 ची 29¾ एवढीच झाली होती. नवे कापड शुद्ध सुती होते आणि आम्ही ते न भिजवता कापले. न धुतलेले तीन शर्ट 30 इंचांचे होते, धुतलेला 28¾. खात्री करण्यासाठी उरलेल्या तुकड्यावर उभ्या आणि आडव्या धाग्यात 24-24 इंचांवर खुणा केल्या, तुकडा भिजवला, वाळवला आणि इस्त्री करून मोजला. उभ्या धाग्यात 24 चे 23 झाले होते, आडव्यात फरक जेमतेम होता. म्हणजे उरलेले तीन शर्टही पहिल्या धुण्यानंतर आखूड होणार होते. खालच्या काठाला दुमडीत अर्धा इंचच माया होती, तेव्हा ती सोडूनही उपयोग नव्हता. कार्डावर "उंची 30" लिहिताना ही उंची धुण्याआधीची की नंतरची आणि कोणत्या जातीच्या कापडावरची, हे लिहिलेले नव्हते.

या टप्प्यावर चारही शर्ट दुरुस्त करून देण्याचा विचार मी सोडून दिला. बाजू आत घेतल्या तरी मुंढा खोलच राहणार होता आणि उंची कमी होणारच होती. मी ग्राहकांना हे जसेच्या तसे सांगितले, त्याच प्रकारचे कापड स्वतः आणले आणि चारही शर्ट नव्याने शिवून देण्याचे ठरवले. परत आलेले चारही शर्ट बाजूंनी आत घेऊन घरी वापरण्यासाठी त्यांनाच दिले. नव्यांपैकी आधी एकच शर्ट कापला. कापड भिजवून, वाळवून मगच कापले, ट्रायल घेतली, तो त्यांना आठवडाभर वापरायला आणि धुवायला दिला आणि त्यानंतर उरलेले तीन कापले. कापड भिजवायला वेळ किंवा जागा नसेल तर या कापडासाठी उंची 31¼ धरून कापणे हा दुसरा मार्ग होता. पण कॉलर, कफ आणि पुढच्या पट्टीत आतला थर आणि वरचे कापड कमी-जास्त आकसले तर फुगे येतात, म्हणून भिजवणेच मला बरे वाटते.

आता कार्डाविषयी. नवे कार्ड तयार करताना मी आणि मास्टर बसलो आणि ठरवले की प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहायचे. पहिला अंगावरचा, दुसरा तयार कपड्याचा. मधला फरक म्हणजे लूज, तो वेगळा लिहिण्याची गरज नाही, तो वजाबाकीत दिसतो. तयार कपड्याचा आकडा ट्रायलनंतरच, कपडा मोजूनच भरायचा, कापण्याआधीच्या हिशोबावरून नाही. या एका नियमामुळे ट्रायलमधली प्रत्येक दुरुस्ती आपोआप कार्डावर येते, कारण कारागिराने काय बदलले हे त्याला आठवून सांगावे लागत नाही. शेवटची इस्त्री झाल्यावर आणि घडी घालण्याआधी कपडा मोजायचा. शर्टाला पाच मिनिटे पुरतात. या गृहस्थांचे शर्टाचे कार्ड आता असे आहे:

छाती: अंग 40, तयार 44
पोट: अंग 41, बसून 42½, तयार 45
गळा: अंग 15, तयार 16
शोल्डर: तयार 18, उजवा खांदा बाहेरच्या टोकाला ½ खाली, मुंढाही तेवढाच
बाही: तयार 24, दोन्ही सारख्या
कफ: डावा 10 (घड्याळ), उजवा 9½
उंची: तयार 30, भिजवलेल्या कापडावर; शर्ट खोचून घालतात

घेराचे सगळे आकडे पूर्ण घेराचे आहेत. सपाट पसरलेला शर्ट मोजताना अर्धा घेर हातात येतो, तो दुप्पट करूनच लिहायचा, नाही तर कोणी 22 लिहितो आणि कोणी 44. वर माप घेतल्याची तारीख आणि माप घेणाऱ्याचे नाव असते. नाव कशासाठी, हे आम्ही लगेच तपासून पाहिले. त्याच गृहस्थांची छाती मी मोजली तर 40 भरली आणि मास्टरांनी मोजली तर 40¾, कारण ते टेपच्या आत दोन बोटे ठेवतात आणि मी टेप नुसती टेकवतो. दोन्ही पद्धती चालतात, पण कार्डावर कोणाची आहे ते माहीत असले पाहिजे. त्यानंतर दुकानातल्या सर्व टेपा पोलादी पट्टीशी ताडून पाहिल्या आणि ताणलेली एक टेप फेकून दिली.

पोटाचे बसून घेतलेले माप ही भर मला विशेष उपयोगी वाटते. पोट पुढे असलेल्या माणसाचे उभे राहून घेतलेले आणि बसून घेतलेले माप वेगळे येते आणि बटणांमधली फट बसल्यावरच पडते. बसून 42½ आणि तयार 45, म्हणजे बसल्यावरही अडीच इंच मोकळे राहतात. एवढे या गृहस्थांना पुरते, हे जुन्या शर्टावरून सिद्ध झालेले होते.

आवडीच्या नोंदीत आम्हाला जास्त अडखळायला झाले. मास्टरांनी सुरुवातीला "सैल आवडतो" असे लिहिले. मी त्यांना विचारले, "हे वाचून तुम्ही किती इंच ठेवाल?" ते म्हणाले, "सहा." मी चार ठेवले असते. एकाचे सैल दुसऱ्याचे ढगळ असते, म्हणून सैल आणि फिट हे शब्द कार्डावर नकोत, तिथे तयार कपड्याचा आकडाच बोलतो. मात्र ज्या आवडी इंचात येत नाहीत त्या ग्राहकाच्याच शब्दांत लिहायच्या. या गृहस्थांच्या कार्डाच्या मागे लिहिले आहे: "खिशात पेन उभा राहिला पाहिजे, कडेला टोचू नये." त्याखाली आम्ही केलेला उपाय आहे: डाव्या खिशात पेनसाठी वेगळा कप्पा, 1¼ इंच रुंद. ग्राहकाचे वाक्य आणि आपला उपाय दोन्ही असले की पुढे कोणी उपाय बदलू शकतो, पण मागणी विसरत नाही. न आवडलेल्या गोष्टीही तिथेच येतात. कडक कॉलर त्यांना नको असते, हे त्यांनी पहिल्या खेपेस सांगितले होते आणि तेही कुठेच लिहिलेले नव्हते.

कार्डाच्या मागे प्रत्येक ऑर्डरची एक ओळ असते: तारीख, कापडाची जात, भिजवले की नाही आणि त्याचा एक लहान तुकडा टाचलेला. ताणणारे कापड आले तर चार इंच लूज जास्त होतो, अस्तर असलेला कपडा असेल तर कमी पडू शकतो. म्हणून तयार मापाचा आकडा त्याच जातीच्या कापडाला डोळे झाकून लावता येतो, वेगळ्या जातीला नाही. वेगळी जात आली की पहिल्या कपड्याची ट्रायल ठेवायची, असे आता आमचे ठरले आहे. ही कार्डे कपाटात बंद असतात आणि दुसरा ग्राहक समोर असताना कोणाचे पोटाचे माप मोठ्याने वाचायचे नाही, हेही कारागिरांना सांगून ठेवले आहे.

कार्ड कितीही चांगले असले तरी अंग बदलते. जुन्या ग्राहकाचे सगळे माप दर वेळी घ्यायचे तर कार्डाचा उपयोग उरत नाही आणि काहीच घ्यायचे नाही तर वाढलेले पोट कळत नाही. आम्ही तीनच ठिकाणे तपासतो: छाती, पोट आणि गळा. तिन्ही कार्डाशी अर्ध्या इंचाच्या आत जुळली तर कार्डावरून कापतो. एखाद्या ठिकाणी फरक जास्त असेल तर ते ठिकाण दुरुस्त करतो आणि दोन ठिकाणी असेल तर पूर्ण माप नव्याने घेऊन ट्रायल ठेवतो. जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्या पुढे तारखेसह नवा लिहायचा, म्हणजे माणूस कोणत्या दिशेने बदलतो आहे ते दिसते. वाढत्या मुलांच्या बाबतीत ही सवलत आम्ही घेत नाही, त्यांचे पूर्ण माप दर वेळी नव्याने होते.

सहा महिन्यांनी तेच गृहस्थ दोन शर्टांचे कापड घेऊन आले. सुतीच होते. तीन ठिकाणे तपासली तेव्हा छाती आणि गळा जुळले, पोट 42 भरले, बसून 43½. कार्डावर तारीख घालून नवा आकडा लिहिला, तयार पोट 46 धरले, बाकी सगळे तसेच ठेवले. कापड भिजवून कापले, ट्रायल न ठेवता शिवले आणि देण्याआधी मोजले. उजव्या खांद्याची उतरण मास्टरांनी कार्डावरूनच घेतली, मी आठवण करून दिली नव्हती. ग्राहकांनी दुकानातच शर्ट घालून पाहिला, हात वर केला, बाकावर बसून पाहिले आणि दोन्ही शर्ट घेऊन गेले.

त्यांच्या पँटचे कार्ड मात्र अजून जुनेच आहे. त्यावर कंबर, सीट, उंची आणि मोहरीचे एकेकच आकडे आहेत, ते अंगावरचे की तयार पँटचे हे आज मलाही सांगता येत नाही आणि तेव्हाच्या ट्रायलला काय बदलले त्याची नोंद नाही. पुढच्या वेळी येताना त्यांनी शिवलेली पँट बरोबर आणावी, असे मी त्या कार्डावर वरच लिहून ठेवले आहे.